तेविसावी फ्रेम

काका, रोल धुऊन झाला. त्यावर तेवीस फ्रेम आल्या आहेत, असं लॅबवाल्यानं काल संध्याकाळी फोनवर सांगितलं. मी त्याला पुन्हा मोजायला लावलं. त्यानं ओली निगेटिव्ह दिव्यासमोर धरून, पुटपुटत मोजली आणि तेवीसच सांगितलं. वर म्हणाला की अठरा वर्षं पडून असलेल्या फिल्मच्या मानानं बरी आहे, धुरकट झाली आहे, पण ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे वाचली. तुमच्या मुलीनं पुण्याच्या घरातलं कपाट आवरताना कॅमेरा सापडल्याचं कळवलं, तो कुरिअरनं पाठवला, आणि मी मागचं कव्हर न उघडता तसाच लॅबमध्ये नेऊन दिला. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण माझ्या वहीत बावीस फ्रेमची नोंद आहे. तुमच्या कॅमेऱ्यातलं फ्रेमचा आकडा दाखवणारं चक्र अडकलेलं होतं, म्हणून तुम्ही मला वही घालून दिली होती. ती अजून माझ्याकडे आहे. बाविसाव्या ओळीनंतर पान कोरं आहे.

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि तुमच्याकडे मासे द्यायला यायचो. खाडीकाठच्या आमच्या कोळ्यांच्या गावातून मागच्या गल्लीनं निघालं की सीवूड्सच्या सोसायट्या दहा मिनिटांवर. आई माशांची पाटी घेऊन खालीच बसायची आणि वरच्या मजल्यांवर मला पिटाळायची. तुमचा सातवा मजला. पहिल्याच दिवशी तुम्ही पिशवीतलं पापलेट हातात घेऊन भाव न विचारता खिडकीपाशी गेलात आणि ते इकडून तिकडून फिरवत बसलात. मला वाटलं, मासा शिळा आहे का बघताय. मी म्हणालो, ताजं हाय, कल्ले बगा. तुम्ही म्हणालात, "कल्ले नाही बघत. खिडकी बघतोय." मी खाली जाऊन आईला सांगितलं की सातव्या मजल्यावरचे काका जरा हललेले आहेत. आई म्हणाली, पैसं दिलं ना? मग हलू दे.

नंतर कळलं की तुम्ही तीस वर्षं स्टीलच्या भांड्यांचे फोटो काढलेत. पातेली, डबे, कळशा, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांची यंत्रं. कॅटलॉगसाठी. भिंतीवर एकही फोटो लावलेला नव्हता. मी विचारलं तर म्हणालात, पातेल्याचा फोटो कोण लावतं घरात? पण ते पापलेट मला त्या भांड्यांनीच शिकवलं, हे आता कळतं. एका रविवारी तुम्ही मासा पांढऱ्या ताटलीत ठेवून ताटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि मला विचारलंत, रंग कोणता? मी म्हणालो, चंदेरी. तुम्ही माशामागे वर्तमानपत्राचा पांढरा कागद उभा केला आणि मासा दुधासारखा झाला. कागद काढून काकूंचा काळा परकर धरलात, तर तोच मासा शिशासारखा काळवंडला आणि त्याची कड तेवढी पांढरी, रेघ मारल्यासारखी दिसू लागली. चकाकणाऱ्या वस्तूला स्वतःचा रंग थोडाच असतो, तिच्यासमोर जे असेल ते ती दाखवते, म्हणून आधी वस्तूकडे नको, तिच्यासमोर काय आहे तिकडे बघायचं, असं तुम्ही सांगितलंत. जन्मापासून मासे बघणाऱ्या पोराला मासा कसा दिसतो ते त्या दिवशी कळलं. दुपारी तो मासा तुम्ही तळला आणि मला वाढला. काकू गेल्याला दोन वर्षं झाली होती. तुमच्या हातचं तळण नेहमी थोडं करपायचं.

पुढचे दोन महिने तुम्ही कॅमेरा हातात दिलाच नाहीत. सावली बघायला लावलीत. शाळेतून येताना विजेच्या खांबाची सावली बघायची: कड धारदार आहे की विरलेली? धारदार असेल तर उजेड एका बाजूनं, एका जागेवरून येतोय, विरलेली असेल तर सगळ्या आभाळातून पसरून येतोय. माणसाच्या नाकाची सावली कुठे पडते ते बघायचं. दुपारी ती ओठावर पडते आणि देखणा माणूसही आजारी दिसतो, सकाळी गालावर पडते आणि तोच माणूस काहीतरी सांगू पाहतोय असं वाटतं. मी वर्गात मास्तरांच्या नाकाकडे बघत बसायचो आणि मार खायचो. मग एक दिवस कॅमेरा आला, गळ्यात पट्टा घालूनच द्यायचा या अटीवर. त्यातला उजेड मोजणारा काटा आपण दाखवू तेवढं सगळं राखाडी धरून चालतो, तो मूर्ख आहे, त्याला शहाणपण तुझ्या हातानं द्यायचं, असं म्हणून तुम्ही माझा तळवा उन्हात धरायला लावलात. कॅमेऱ्यात नुसता तळवा दिसेल इतकं जवळ जायचं, काटा मधोमध आणायचा, आणि मग भिंगाचं छिद्र एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड आत येईल इतकं उघडायचं, कारण तळवा राखाडीपेक्षा उजळ असतो. आजही हातातला डिजिटल कॅमेरा सगळं आपणहून करत असताना मी आधी तळवा बघतो. ऑफिसातली मुलं म्हणतात, सर भविष्य बघतायत.

आणि मग तो उजेडाचा पट्टा. तो तुम्ही शोधलात, बाल्कनीतून. गावाच्या पूर्वेला दोन टॉवर उभे राहिले तेव्हापासून आमच्या जेटीवर सकाळचं ऊन उशिरा यायचं, गावात सगळे त्यावरून कुरकुरायचे. थंडीत तर आठ वाजून गेले तरी जाळी ओलीच. पण मार्गशीर्षाच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे सरकला की पावणेआठच्या आसपास तो बरोबर त्या दोन टॉवरच्या फटीत येतो आणि सहा-सात मिनिटं उन्हाची एक पट्टी जेटीच्या पायऱ्यांवर पडते. आजूबाजूला सगळं सावलीत, मधे तेवढी पट्टी. तुम्ही मला बाल्कनीत उभं करून ती दाखवलीत, तेव्हा मी आयुष्यभर त्याच पायऱ्यांवर उतरलो होतो आणि मला ती माहीत नव्हती. "रोज येते," तुम्ही म्हणालात, "पण तिच्यात उभं राहायला कोणी नसतं."

ते खरं होतं, आणि त्याचं कारण तुम्हाला माहीत नव्हतं, मला होतं. आमच्या खाडीत चिखल फार. पाणी भरल्याशिवाय होडी जेटीला लागतच नाही. बाबा रात्री ओहोटीच्या पाण्याबरोबर जायचे आणि भरतीबरोबर परत यायचे, आणि भरतीची वेळ रोज पाऊण तासानं पुढे जाते. मी तुम्हाला आमचा हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे तुमची पट्टी आणि आमचं पाणी एकत्र येणार ते दशमी-एकादशीलाच, महिन्यातून दोन पक्षांत मिळून चार दिवस. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिलात. मग आत जाऊन कॅलेंडर काढून आणलंत आणि ते टेबलावर पसरून माझ्या हातात पेन्सिल दिलीत. तीस वर्षं उजेडाचं काम केलं, म्हणालात, पण पाण्याचं वेळापत्रक कोणी सांगितलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी तुमच्या घरात पाय खुर्चीवर घेऊन बसलो.

पहिल्या दशमीला मी सहा फ्रेम घालवल्या. बाबांची होडी टेकली, आई पायऱ्या उतरली, आणि मी सुटलोच. तो आधीचा रोल तुम्ही धुऊन आणलात, छोट्या छापांचा कागद भिंगाखाली ठेवलात. मग एकेका चित्रावर नख ठेवून विचारत गेलात: इथे पाय अर्धवट का? इथे डोकं सावलीत का? इथे ती तुझ्याकडे का बघतेय? तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "तू पकडायला धावलास. आधी उजेड बघ, मग जागा ठरव, आणि मग गप्प बस. माणूस तिथे येऊ दे." तिसऱ्या पायरीवर अंतर, म्हणजे फोकस, आधीच लावून ठेवायचं, भिंगाचं छिद्र आठवर, वेग सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, सावली काळी गेली तर जाऊ द्यायची. दुसरा डोळा मिटायचा नाही, कारण चौकटीत काय येणार आहे ते त्याच डोळ्याला आधी दिसतं. तुम्ही स्वतः जेटीवर कधी आला नाहीत. गुडघे दुखतात, हे एक. दुसरं, मी आलो की तुझी आई पदर सावरेल, म्हणालात.

आईला हे सगळं खूळ वाटायचं. मासलीवालीचा फोटू कोन बगनार, म्हणायची, वास येतो का त्यात? पण त्या थंडीत घरात दुसरी गोष्ट चालू होती. बाबा होडी विकणार होते. खाडीत मिळेनासं झालं होतं आणि महाप्याला एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हरची जागा चालून आली होती. पलीकडच्या तीरावरच्या एकानं होडी बघून ठेवली, संक्रांत झाली की न्यायची असं ठरलं. मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही कॅलेंडर परत उलगडलंत आणि बोटानं मोजलंत. म्हणजे तुझ्याकडे फार सकाळी उरल्या नाहीत, म्हणालात. आई जेटीवर बाबांच्या हातून पाटी घेते, तो एक फोटो. तिचं लग्न होऊन आल्यापासूनचं रोजचं काम, आणि त्याचा एकही फोटो घरात नव्हता. आईचा फोटो म्हणजे रेशनकार्डावरचा.

नवा रोल घातला. पुढच्या पक्षात धुकं आणि धूर इतका की पट्टी पडलीच नाही. मी तरी रिकाम्या पायऱ्यांच्या चार फ्रेम काढल्या, तुम्ही वहीत त्यांच्यापुढे स्वतःच्या अक्षरात 'उजेड नाही' असं लिहिलंत. त्याच्या पुढच्या पक्षात जाळं कशात तरी अडकलं, बाबा सकाळच्या पाण्याला आले नाहीत ते थेट रात्री आले. अधल्यामधल्या दिवशी मी बगळे काढले, वाळत टाकलेलं जाळं काढलं, खांबाला बांधलेला दोर काढला. फ्रेम बावीस म्हणजे जेटीच्या पायरीवर ठेवलेली आईची चप्पल. ती काढताना मी खूप वेळ थांबलो होतो आणि मला वाटलं होतं की आता मला थांबता येतं.

शेवटची सकाळ दशमीचीच. संक्रांत होऊन गेली होती, सूर्य परतीला लागला होता, पट्टी अरुंद झाली होती. आभाळ स्वच्छ. मी साडेसातलाच जाऊन तळवा बघितला, अंतर लावलं, खांबाला पाठ टेकून उभा राहिलो. आईनं जाता जाता म्हटलं, "चांगला काड रं, नायतर तुज्या काकांचं पापलेट बंद." मग ती मला विसरली, तेच हवं होतं. पाणी वर चढतंय, होडी येतेय. पट्टी खांबावरून सरकत पहिल्या पायरीवर, दुसरीवर, आणि तिसऱ्या पायरीवर येते तेव्हा होडी टेकते. बाबा पाटी उचलून पुढे करतात. आई हात पुढे करते, पण पाटी घेत नाही. ती होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, तळहात ठेवते आणि तशीच उभी राहते. गाय विकताना तिच्या कपाळावर ठेवावा तसा हात. ऊन बरोबर तिच्या गालावर, नाकाची सावली गालाकडे, मागे सगळं काळं. बाबा पाटी धरून थांबलेत. मला दिसतंय. बोट बटणावर आहे.

आणि मी थांबलो, काका. मला वाटलं, अजून भरेल. आता ती वर बघेल, आता बाबा काही बोलतील, आता पाटी हातात येईल, तेव्हा. आमच्याकडे पाणी चढत चढत येतं आणि भरलं की थोडा वेळ उभं राहतं. वर नाही, खाली नाही. तेवढ्या वेळात होडी बांधून होते, मासे उतरून होतात. लहानपणापासून मी एवढीच एक वाट बघणं शिकलो होतो: भरायचं ते पूर्ण भरतं, आणि भरलं की थांबतं. मी त्या उभ्या पाण्याची वाट बघत होतो. तेवढ्यात आईच्या गालावरचं ऊन निघून गेलं. दिवा मालवल्यासारखं नाही, कोणी शेजारून उठून जावं तसं. तिनं पाटी घेतली आणि डोक्यावर ठेवून वर आली. जाताना विचारलं, "काडलास ना?" मी हो म्हणालो.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही बाल्कनीतून येऊन दार उघडलंत. तुम्हाला मी दुसरं खोटं सांगितलं. म्हणालो, रोल अडकला, फिल्म पुढे सरकवायचा खटका फिरतच नव्हता, ऐन वेळेला. कॅमेरा माझ्या गळ्यातून काढून घेतलात, मला टेबलाशी बसवलंत, करपलेलं पापलेट पुढ्यात ठेवलंत आणि म्हणालात, "होतं. मासा खा." मी मान खाली घालून काटे काढत बसलो. डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मान वर केली नाही. मागे तुमच्या चपला वाजल्या, मग थोडा वेळ काहीच नाही, मग एक बारीक आवाज आला. मला वाटलं, कपाटाची कडी. निघताना तुम्ही दाराशी मला विचारलंत, तुझ्या खाडीचं पाणी भरल्यावर थोडं थांबतं ना? मी म्हणालो, थांबतं की. तुम्ही म्हणालात, "उजेड थांबत नाही." मला वाटलं, तुम्ही सहज काहीतरी बोलताय. सातव्या मजल्यावरून जेटी दिसते, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

कॅमेरा दुरुस्तीला टाकतो म्हणालात. रविवारी मी येतच राहिलो, तुम्ही दुसरा कॅमेरा दिलात, दुसरा रोल दिलात, पण त्या रोलचा विषय तुम्ही काढला नाहीत आणि मीही नाही. पावसाळ्यात तुम्ही गेलात. आम्हाला सोसायटीच्या वॉचमनकडून दुसऱ्या दिवशी कळलं. आई म्हणाली, मानूस चांगला व्हता, मासा तेवडा करपवायचा. मी आज वर्तमानपत्रात फोटो काढतो. रोज सात वाजता फोटो पानावर जायला लागतो, त्यामुळे वाट बघण्याला माझ्याकडे कायम एक कुंपण असतं, आणि ते बरं आहे. बहुतेक वेळा फोटो येतो. नवी मुलं विचारतात, सर, सगळ्यात चांगला फोटो कोणता हुकला? मी जेटीची गोष्ट सांगतो. उजेड सांगतो, तिथीचा हिशेब सांगतो, नाळेवरचा हात सांगतो. शेवटी सांगतो की रोल अडकला. मुलं हळहळतात. यंत्राचा दोष असला की माणसं फार मनापासून हळहळतात.

काल लॅबवाल्याला मी तिसऱ्यांदा विचारलं की शेवटच्या फ्रेममध्ये काय आहे. उलटं बघायची सवय असलेला माणूस आहे, तरी त्याला वेळ लागला. म्हणाला, चपलेच्या पुढची ना? पातळ आहे जरा, उजेड कमी पडलाय, घरातली दिसतेय. खिडकी आहे, टेबल आहे, पोरगं बसलंय मान घालून. समोर ताटलीत काहीतरी चकाकतंय. त्याला वाटलं मी ते ओळखत नाहीये, म्हणून धीर देत म्हणाला, छापल्यावर कळेल. म्हणजे खटका फिरत होता, काका. तुम्ही तो फिरवून बघितलात, माझं खोटं तुम्हाला तिथेच कळलं, आणि तुम्ही ते माझ्यासमोर टेबलावर मांडलं नाहीत. खिडकीचा उजेड चांगला होता, एवढंच बघितलंत. भांडी सोडून तुम्ही काढलेला माझ्या माहितीतला हा एकच फोटो.

मंगळवारी दुपारी चारनंतर छापे मिळतील, असं लॅबवाल्यानं सांगितलं आहे. आईला मी रोल सापडल्याचं फोनवर बोलून बसलो आणि ती आता सोबत येणार म्हणते. नवी साडी नेसू का, विचारत होती. अठरा वर्षं ती चारचौघांत सांगत आली आहे की माज्या पोरानं माजा होडीवरचा फोटू काडलाय, काकांकडं हाय. बाबा ऐकून हसतात, ते आता बसवरून निवृत्त झालेत. मंगळवारी ती तेवीस चित्रं उलटीपालटी करून बघेल आणि स्वतःला शोधेल. तिला तिची चप्पल सापडेल. मग मला सांगावं लागेल, आधी तिला, नंतर ऑफिसातल्या मुलांना, की रोल अडकला नव्हता, मी अडकलो होतो. तुम्हाला मात्र काही सांगायचं उरलेलं नाही, हे काल कळलं, म्हणून हे पत्र कुठे ठेवायचं हा प्रश्न आहे. तूर्तास वहीत घालतो, बाविसाव्या ओळीच्या पानात. खाली तेवीस आकडा लिहिला आहे. उजेडाच्या रकान्यात 'खिडकी, डावीकडून' असं लिहिलं. काढणाऱ्याचं नाव लिहायला आपण रकानाच ठेवला नव्हता.